गळतीची तक्रार नेमकी कोणाच्या नावे लिहायची?

प्रश्न: "दोन वर्षांपूर्वी रीसेलमध्ये फ्लॅट घेतला. इमारतीचा ताबा २०२१ चा आहे. डिसेंबरपासून आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी गळतंय. वरच्या फ्लॅटचे मालक मस्कतला असतात, पॉवर ऑफ ॲटर्नी त्यांच्या मेहुण्यांकडे आहे आणि राहतो भाडेकरू. मेहुणे म्हणतात सोसायटीला सांगा, सेक्रेटरी म्हणतात तुमचं आपसातलं आहे, बिल्डर म्हणतो सोसायटी झाली, माझा संबंध संपला. एजंट तर फोनच उचलत नाही. नोटीस पाठवायची तर कोणाला? पाचही जणांना एकदम पाठवून टाकू का?"

एकच नोटीस पाचही जणांना पाठवू नका. अशा नोटिशीला काय उत्तरं येतात ते मी गेली वीस-बावीस वर्षं वाचतोय. प्रत्येक जण इतर चौघांकडे बोट दाखवतो, आणि पुढे कोर्टात तीच उत्तरं समोरची बाजू तुमच्याविरुद्ध वापरते: "अर्जदारालाच ठाऊक नव्हतं की जबाबदार कोण." इथे दोन प्रश्न एकात एक अडकले आहेत. दुरुस्ती करून देणं कोणावर बंधनकारक आहे, हा पहिला. त्या माणसापर्यंत कागद कोणाच्या हातून पोहोचवायचा, हा दुसरा. मेहुण्यांचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी येतो, पहिल्याशी बहुतेक येत नाही. पण त्याही आधी पाणी कुठून येतंय ते कळायला हवं, कारण उगम बदलला की जबाबदार माणूस बदलतो.

गळती डिसेंबरात सुरू झाली म्हणजे पाऊस जवळपास बाजूला ठेवता येतो. भाडेकरूशी नीट बोलून, एका प्लंबरला घेऊन दोन गोष्टी करा. आधी वरच्या बाथरूमकडे येणाऱ्या पाण्याचा स्टॉपकॉक एक रात्र बंद ठेवायचा. तुमच्या छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा, तारीख लिहा, थेंब किती वेळाने पडतो ते मोजा. कॉक बंद केल्यावर थेंब मंदावून थांबला तर भिंतीतली दाबाची पाइप फुटलीय. फरक पडला नाही तर दुसरी चाचणी. नहाणी ट्रॅपला कापडाचा बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये इंच-दीड इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवून ठेवायचं. खाली रंग उतरला तर जमिनीखालचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपचा सांधा गेला. दोन्ही चाचण्यांत काहीच निघालं नाही तर डक्टमध्ये उतरून सामाईक उभी पाइप बघा. अनेकदा तिच्या सांध्यातून पाझरलेलं पाणी स्लॅबच्या कडेने आत येतं आणि बिचारा वरचा माणूस शिव्या खातो.

आता वाटणी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ती बरीच स्पष्ट आहे. गच्चीतून होणारी गळती, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपा आणि ड्रेनेज लाइन ही सोसायटीची दुरुस्ती, सोसायटीच्या खर्चाने. टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती त्या सदनिकेच्या सभासदाची, त्याच्या खर्चाने. तुमच्या सोसायटीने हेच उपविधी जसेच्या तसे स्वीकारलेत की काही बदल केलेत, ते मात्र तुमच्याच प्रतीत बघावं लागेल.

म्हणजे सेक्रेटरींचं "आपसातलं आहे" हे वाक्य खर्चापुरतं खरं ठरू शकतं. तपासणीपुरतं ते खरं नाही. रीतसर सूचना देऊन सदनिकेची पाहणी करणं आणि सभासदाला दुरुस्तीची नोटीस देणं हे उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम आहे. म्हणून सोसायटीला "माझी गळती थांबवा" असं लिहू नका. त्याला त्यांच्याकडे तयार उत्तर आहे. त्याऐवजी लिहा, "वरील सदनिकेची पाहणी करून गळतीचा उगम लेखी नोंदवावा आणि संबंधित सभासदास दुरुस्तीची नोटीस द्यावी." ही मागणी सोसायटीच्याच कामाची असल्याने तिला झटकता येत नाही. चाचणीच्या दिवशी सेक्रेटरी किंवा समितीचा एक सदस्य हजर ठेवा, आणि प्लंबर, भाडेकरू, तुम्ही असे सगळे मिळून एका पानाच्या पंचनाम्यावर सह्या करा. त्या एका पानाने पुढचे सहा महिने वाचतात.

समजा ट्रॅपचा सांधा निघाला. मग जबाबदार मस्कतचे मालक. पण ते खरंच मालक आहेत का? शेजारी सांगतात म्हणून कोणी मालक होत नाही. सोसायटीच्या सभासद नोंदवहीत कोणाचं नाव आहे ते बघा. ती वही पाहायचा तुम्हाला सभासद म्हणून हक्क आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्या सदनिकेची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो ती, काढा. दोन्हीकडे एकच नाव असेल तर उत्तम. वेगळी असतील तर बहुधा विक्री झालीय आणि नवीन माणसाने सभासदत्व घेतलेलं नाही. अशा वेळी मी दोघांनाही लिहितो. सोसायटीच्या दृष्टीने सभासद अजून जुनाच असतो.

आता मेहुण्यांचं कुलमुखत्यारपत्र. यावर थोडं थांबतो, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात.

मुखत्यार हा मालकाचा एजंट असतो. तो मालकाच्या वतीने जे करतो ते मालकावर बंधनकारक होतं, स्वतः तो सहसा बांधला जात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये हेच तत्त्व आहे. त्याच कायद्याच्या कलम २२९ मध्ये तुमच्या फार कामाची एक गोष्ट आहे: मालकाचं काम करत असताना एजंटला मिळालेली नोटीस ही मालकाला मिळालेल्या नोटिशीसारखीच धरली जाते. तेव्हा मेहुण्यांच्या हाती नोटीस देणं योग्यच आहे, मात्र ती मालकाच्या नावे असली पाहिजे. आणि ते काम त्यांच्या अधिकारात आहे का, हे मुखत्यारपत्र वाचल्याशिवाय कळत नाही. ते फक्त सदनिका विकण्यापुरतं असेल तर दुरुस्ती, भाडं, सोसायटीचा पत्रव्यवहार यांच्याशी त्यांचा संबंध येत नाही. "सदनिकेची देखभाल करणे, भाड्याने देणे, संस्थेशी पत्रव्यवहार करणे, नोटिसा स्वीकारणे, न्यायालयात हजर राहणे" असे शब्द असतील तर दार पूर्ण उघडं आहे.

ते दाखवायला मेहुणे बांधील नाहीत, दाखवतीलही असं नाही. पण भाडेकरूचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार सोसायटीच्या फाइलमध्ये असतो. त्याचं पहिलं पान बघा. लायसन्सॉर म्हणून मालकाचं नाव आणि खाली "तर्फे कुलमुखत्यारधारक" असं असेल तर मुखत्यारपत्र कोणत्या तारखेचं आहे हेही बहुधा तिथेच सापडतं. ते परदेशात केलेलं असेल तर राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेही भरलंय का बघा.

माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो. पुण्यातली जुनी सोसायटी. माझ्या अशील निवृत्त शिक्षिका. वरचे मालक अमेरिकेत, मुखत्यार त्यांचा धाकटा भाऊ. बाईंनी माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडून नोटीस पाठवली होती. ती भावाच्या नावे, आणि त्यात त्याला "सदनिकेचे मालक" म्हटलेलं. दोन ओळींचं उत्तर आलं: माझे अशील सदर सदनिकेचे मालक नाहीत, सबब नोटीस गैरलागू. आठ महिने गेले. मी मालकाच्या नावे, भावातर्फे, नवी नोटीस पाठवली. शांतता. मग सहकार न्यायालयात दावा लावला, आणि समन्स परत आल्यावर कळलं की मालक चौदा महिन्यांपूर्वीच वारले होते. मालक गेला की मुखत्यारपत्रही जातं. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेला असेल तर अपवाद होतो, पण इथे तसं काही नव्हतं. म्हणजे मी ज्याच्या हाती नोटीस दिली त्याचा अधिकार त्या दिवशी संपलेला होता, आणि ज्याच्या नावे दिली तो माणूस हयात नव्हता.

चूक माझी होती, कारण खूण फाइलमध्येच होती. भाडेकरूचा नोंदणीकृत करार वर्षभरापूर्वी संपला होता आणि त्यानंतरचा करार नुसता नोटरी केलेला. मुखत्याराने दस्त नोंदवताना एक घोषणापत्र द्यावं लागतं: मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही. भावाला ते देणं शक्य नव्हतं, म्हणून करार नोंदवलाच नाही. तेव्हापासून मुखत्यार मधे आहे असं दिसलं की मी शेवटचा दस्त नोंदवलाय की नाही हे आधी बघतो, आणि पहिल्याच पत्रात एक वाक्य घालतो: "आपले मुखत्यारपत्र आजही अमलात असल्याचे व मालक हयात असल्याचे लेखी कळवावे." सरळ माणूस चार दिवसांत उत्तर देतो.

पुढे सोसायटीच्या नॉमिनेशनच्या नोंदीत पत्नीचं नाव सापडलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण सोसायटीला बोलायला माणूस मिळतो. त्या बाईंना ईमेल केली. त्यांना गळतीबद्दल कोणी काही सांगितलंच नव्हतं. मुलीच्या आणि स्वतःच्या नावे त्यांनी ईमेलवर परवानगी दिली, आणि नऊ दिवसांत ट्रॅप बदलून, कोबा फोडून पुन्हा करून काम संपलं.

आणखी एक प्रकार भेटतो: मुखत्यार म्हणतो, "अहो, मीच घेतलाय फ्लॅट, पॉवरवर." सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे की मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागतं. तुमच्या पत्रावर तेव्हाही कागदावरच्याच मालकाचं नाव येईल. फक्त या गृहस्थांनी ताबा आपला असल्याचं म्हटलंय, तेवढं पत्रात नोंदवून ठेवा.

तुमच्या पत्राचा मायना साधारण असा असावा: "श्री. अमुक, सदनिका क्रमांक तमुकचे मालक व सभासद, यांस. तर्फे कुलमुखत्यारधारक श्री. फलाणे." एक प्रत मेहुण्यांच्या पत्त्यावर, एक मालकांच्या सोसायटीतल्या नोंदीतल्या पत्त्यावर आणि ईमेलवर. भाडेकरूला फक्त माहितीची प्रत, आणि त्याच्याकडून चाचणीसाठी आत येऊ देण्याची विनंती. त्याच्यावर आरोप करू नका. उद्या दार तोच उघडणार आहे.

बिल्डरकडे वळू. तो "संबंध संपला" म्हणतो ते चूक आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष त्याच्या नजरेस आणून दिला तर त्याने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. सोसायटी झाली किंवा अभिहस्तांतरण झालं म्हणून ती जबाबदारी जात नाही. तुम्ही रीसेलवाले असलात तरी हरकत नाही, कायद्यातल्या आवंटिताच्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो. पण मोजणी तुम्ही फ्लॅट घेतल्याच्या तारखेपासून होत नाही, बिल्डरने मूळ ताबा दिला तेव्हापासून होते. तुमचा ताबा २०२१ चा, म्हणजे मुदत २०२६ मध्ये संपते. २०२१ चा नेमका कोणता महिना, ते वरच्या आणि तुमच्या दोन्ही सदनिकांच्या ताबापत्रांवर आजच बघा. तोंडी सांगितलेलं धरू नका. मुदतीच्या आत त्याच्या हाती लेखी पडलं पाहिजे.

गळती बिल्डरच्या दोषामुळे आहे की वापरामुळे, हे कसं ओळखायचं? तुमच्या बाथरूमच्या वर-खाली एकाच रांगेत जितकी बाथरूम आहेत त्या सगळ्यांकडे चौकशी करा. तिघाचौघांकडे तोच सांधा गळत असेल तर ती कारागिरी. फक्त तुमच्याच डोक्यावर गळत असेल आणि वरच्यांनी मधल्या काळात टाइल्स बदलल्या असतील तर बिल्डर तेवढ्यावर सुटतो, आणि मला विचाराल तर त्यात त्याचं फारसं चुकत नाही. रांगेतल्या अनेकांची तक्रार असेल तर सोसायटीने स्वतः बिल्डरला लिहिणं जास्त वजनदार. एकट्याची असेल तर वरच्या मालकांनीही पत्रावर सही करावी, दोष त्यांच्या बाथरूममध्ये आहे.

बिल्डर म्हणजे नक्की कोण, हेही बघून घ्या. फाटकावरच्या पाटीवर एक नाव, करारनाम्यात दुसरी भागीदारी, जमीन तिसऱ्याची. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर प्रवर्तक म्हणून जी नावं आहेत, ती पत्रावर आली पाहिजेत. एक गंमत इथे लक्षात घ्या. बऱ्याच इमारती जमीनमालकाच्या मुखत्यारपत्रावर उभ्या राहतात, आणि बिल्डरही "मी तर जमीनमालकाचा फक्त मुखत्यार" असं म्हणून पाहतो. रेरातल्या प्रवर्तकाच्या व्याख्येत जमीनमालकाचा मुखत्यार म्हणून काम करतो असं सांगणाराही धरलेला आहे, आणि बांधणारा व विकणारा वेगळे असतील तर दोघेही प्रवर्तक म्हणून संयुक्तपणे जबाबदार आहेत. म्हणजे कागद एकाच नावाचा, पण तुमचे मेहुणे त्याच्या आडून स्वतः सुटतात आणि बिल्डर सुटत नाही.

एजंटला या गळतीत काही करायचं नाही, त्याचा फोन न लागल्याने तुमचं काही अडलेलं नाही. तुम्हाला विकणाऱ्याला ओल माहीत होती आणि त्याने रंग मारून लपवली, असा पुरावा हाती आला तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे. मालमत्तेतला महत्त्वाचा दोष, जो त्याला ठाऊक आहे आणि साधारण काळजी घेऊन खरेदीदाराला दिसणार नाही, तो उघड करणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती तक्रार विक्रेत्याविरुद्ध, एजंट त्यात फार तर साक्षीदार. तुमच्याकडे गळती घेतल्यावर बऱ्याच काळाने सुरू झाली असेल तर तिकडे वेळ घालवू नका.

पत्रांनी भागलं नाही तर लोक उपनिबंधकांकडे धावतात आणि दोन-तीन हेलपाटे झाल्यावर कळतं की हा विषय त्यांचा नाही. आदर्श उपविधींमध्येच कुठली तक्रार कुठे करायची याची यादी आहे, आणि दुरुस्ती व गळतीचे वाद त्यात सहकार न्यायालयाकडे आहेत. सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली तो दावा सभासद विरुद्ध सभासद आणि संस्था असा होतो: पहिले सामनेवाले वरचे मालक, तर्फे मुखत्यार, दुसरी सोसायटी. बिल्डर त्यात बसत नाही, त्याच्यासाठी महारेराचा अर्ज वेगळा. एकाच अर्जात दोघांना गुंफायचा मोह होतो, तो आवरा.

क्रम असा ठेवा. बिल्डरचं पत्र सर्वांत आधी, स्पीड पोस्टने पोचपावतीसह, कारण तारीख फक्त त्याच्याच बाबतीत पळते आहे. उगम अजून सापडलेला नसला तरी चालेल, "गळती निदर्शनास आली असून कारणाचा तपास चालू आहे" एवढं लिहून पाठवा. त्याच दिवशी सोसायटीला पाहणीचा अर्ज हाती द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. सेक्रेटरी शिक्का द्यायला टाळाटाळ करतात, तेव्हा तोच अर्ज टपालानेही टाका. मालकांना, मेहुण्यांतर्फे, जायचं पत्र पंचनाम्यावर सह्या झाल्यावर, त्याची प्रत जोडून.